मधली पांढरी अक्षरं

"या पानावर किती शब्द असतीन, दीपाली?"

"तीनशेक, बाई."

"हा कॉम्प्युटर तर सत्तावीसच म्हणून राह्यला."

गुलाबबाई तिच्या मार्गदर्शक होत्या. तलावातल्या मासेमारीवरचा दीपालीचा इंग्रजीतला एम.फिल.चा प्रबंध सोमवारी विद्यापीठात जायचा होता. तिचे मासेमार बाबा सोमाजी वारून दोन महिने झाले होते. त्या दिवसांत राहिलेलं एक प्रकरण तिने एका छापील लेखातून उतरवलं. कॉलेजात नवी नक्कल तपासणी आली म्हणून सायबर कॅफेतल्या धनराजने युक्ती सांगितली. कॉम्प्युटरकडून शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालून घ्यायचे, आणि दोन शब्दांमधली जागा काढून तिथे पांढऱ्या रंगाचा एक्स घालायचा.

गुलाबबाईंनी सगळा मजकूर निवडून काळा केला. पानभर एक्सच एक्स उगवले.

"मशीनले अख्खं वाक्य एकच लांबलचक शब्द दिसते. म्हणून जुळलं फक्त तीन टक्के. पण तीनशे शब्दांचं पान सत्तावीसवर आलं, की कोणीही पाहीन ना! एक्स काढून पुन्हा तपासलं, तं बेचाळीस टक्के निघाले. उरलेलं मी लेख शेजारी ठेवून वाचलं. वाक्यांचा क्रम तोच, लेखातली चुकलेली सालंही तीच. अन् हे 'न्यू वॉटर फिश' काय आहे वं?"

"फ्रेश वॉटर…"

"गोड्या पाण्याचा मासा तू नवीन पाण्याचा केला!" बाई हसल्या, मग थांबल्या. "दोन पानं घेऊन लेखकाचं नाव टाकलं असतं, तं मी म्हटलं असतं, थोडं आपल्या शब्दांत लिही. महिनाभर मुदतही मागून देली असती. मले सांगितलं काऊन नाई?"



बाईंनी पुढचं पान उघडलं. ते उतरवलेलं नव्हतं. बाबांनी सांगितलेलं होतं: पाणी उतरलं की मरळ मासळी चिखलात शिरते. धनराजची युक्ती तिने सरसकट चालवली होती, म्हणून इथेही एक्स होते, आणि चिखलाच्या इंग्रजी शब्दाच्या जागी घाणीचा शब्द आला होता.

"सोमाजीभाऊ असं बोलले असते का?"

"नाई, बाई."

"हे तुह्यं सोन्यासारखं काम. पण लपवलेलं पाहिल्यावर विद्यापीठाची समिती हेही खोटंच धरीन. मी झाकू शकत नाई."

"झाकू नका." दीपाली म्हणाली. "मीच लिहून देते. सोमवारी प्रबंध देत नाई, असंही लिहिते."

"सहा महिने जातीन."

"जाऊ द्या. बाबाचं नाव खोट्यात नको."

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला, आणि डबा उघडून अर्धी भाकर तिच्यासमोर ठेवली. "आधी खा. उपाशीपोटी माफी लिहू नये."

दीपालीने एक घास खाल्ला आणि कोऱ्या कागदावर तारीख घातली.