भिंत कुठल्या उजेडात जुळवायची?

ओलीने शिंपीकाकांच्या खोलीतली अर्धी भिंत सोलवटली आणि त्यांचा जीव त्या रंगात अडकला. तो फिका गुलाबी रंग बायकोने स्वतः बादलीत कालवला होता. ना डबा उरला, ना नंबर. ती गेली आणि कृतीही तिच्याबरोबरच गेली.

भिंतीचा एक पापुद्रा रुमालात गुंडाळून ते रंगाच्या दुकानात गेले. तिथल्या ताईने ट्यूबलाइटखाली थेंब थेंब रंग घालत शेड जुळवली. वाळलेला ठिपका पापुद्र्याला लावून पाहिला, तर फरक शोधून सापडेना.

"डिट्टो!" काका खूश झाले.

घरी लेकीने बसवलेल्या ट्यूबच्या उजेडात त्यांनी स्वतःच सोलवटलेल्या भागावर ब्रश फिरवला. संध्याकाळी ट्यूब मालवून बायकोच्या शिवणाच्या कोपऱ्यातला पिवळा बल्ब लावला. जुनी भिंत उबदार गुलाबी दिसत होती. नवा पट्टा मात्र मळकट, हिरवट, तापातून उठलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर.

"ताई, फसवलंत मला! बल्ब लावला की पट्टा हिरवट दिसतो!"

"आधी बसा तरी, काका." ताईने कपाटातून एक पिवळा बल्ब काढून लावला आणि दोन्ही नमुने त्याखाली धरले. फरक लख्ख दिसला. "दिवा देईल त्यातलंच भिंत परत पाठवते. या बल्बात लाल भरपूर, निळा जेमतेम. ट्यूबमध्ये तो गडद लाल फारसा नसतोच. काकूंनी घातलेला लाल वेगळा, माझा वेगळा. ट्यूबखाली दोघे जुळे भाऊ. बल्बखाली काकूंचा लाल जास्त परत करतो, माझा मात्र हात आखडता घेतो."

"मग तिचाच लाल घाला की."

"तो कुठला होता, कुणास ठाऊक. बल्बखाली जुळवून देते, पण मग ट्यूबखाली पट्टा जास्तच गुलाबी दिसेल. दोन्हीकडे नाही जमायचं. तुम्ही कुठल्या उजेडात बसता?"

काकांनी पापुद्रा तळहातावर घेतला.

"ती बल्बाखाली बसायची," ते म्हणाले. "सुईत दोरा ओवताना भिंतीचा गुलाबी तिच्या गालावर यायचा. ट्यूब तर तिने पाहिलीच नाही."

ताईने बल्बखालीच लाल वाढवला. काकांनी घरी पट्टा पुन्हा रंगवला.

रविवारी लेक आली, ट्यूबच्या उजेडात भिंत पाहून दारातच थबकली. "बाबा, अहो, हे ठिगळ कसलं? शिंप्याच्या घरी असला जोड?"

"चहा टाक," काका म्हणाले.

दिवेलागणीला त्यांनी ट्यूब मालवली, बल्ब लावला. भिंत या कडेपासून त्या कडेपर्यंत एक झाली. लेकीने जोडावरून हात फिरवला. ती हळूच त्या कोपऱ्यात, आईच्या पाटावर जाऊन बसली. तिच्या गालावर गुलाबी चढला.

काका बघत राहिले. चेहरा लेकीचा होता, तेवढाच फरक.