निम्म्याचा हिशोब

शलाकानं हौसेपोटी कबूल करून टाकलं होतं, "बाई, प्रत्येक विक्रीमागे किमतीचे निम्मे तुमचे!" किमतीचे! अहो, हातात काय पडणार हे बघायचं तरी होतं आधी. पण तिला शाळेत शिकवलेल्या सुचित्राबाईंनी साताऱ्यात बसून तिच्या अ‍ॅपसाठी बडबडगीतं म्हटली होती, आणि शलाकाला अगदी भरून आलं होतं.

नेदरलँड्समध्ये, ती राहते त्या अ‍ॅमस्टेलव्हीनमधल्या मराठी घरांत अ‍ॅप बरं चाललं. पहिल्या महिन्यात चारशे प्रती, प्रत्येकी चार युरो नव्व्याण्णव. तिनं आनंदानं बाईंना आकडा कळवला, दोन हजार युरो! बाईंनी तो लगेच सुनेला सांगितला.

मग अ‍ॅप स्टोअरचा अहवाल नीट वाचला आणि तिचे डोळे पांढरे झाले. किमतीतच एकवीस टक्के बीटीडब्ल्यू, म्हणजे इथला जीएसटी. तो स्टोअरच कापून सरकारकडे भरतं. उरल्यावर पंधरा टक्के कमिशन. प्रतीमागे राहिले साडेतीन. त्यातले अडीच बाईंना दिले, तर हिला एक, आणि त्यावर प्राप्तिकर वेगळा!

बरं, तेही वेळेवर येईनात. महिना संपल्यावर साधारण महिन्याभरानं पैसे येतात, हे तिला ठाऊक होतं. पण आलेली रक्कम परत गेली. स्टोअरचं खातं तिनं लग्नाआधी पुण्यात माहेरच्या नावानं उघडलं होतं. स्टोअर अमेरिकन, म्हणून तिथला कर-फॉर्मही त्याच नावानं भरला होता. नेदरलँड्सच्या व्हिसासाठी पासपोर्टवर सासरचं नाव आलं, इथलं बँकेचं खातंही त्याच नावाचं, त्यामुळे नावं जुळेनात. आता लग्नाचा दाखला पाठवा, नाव बदला, फॉर्म पुन्हा भरा आणि पुढच्या फेरीची वाट बघा.

"मी देतो ना बाईंना," अंबरीश, तिचा नवरा, म्हणाला.

"नको. शब्द माझा आहे."

शब्द हिचा आणि तोंड लपवणारीही हीच! तीन आठवडे तिनं बाईंचा फोन उचलला नव्हता. शेवटी शनिवारी सकाळी तिनंच लावला आणि सगळं सांगून टाकलं. कर, कमिशन, नावाचा घोळ, काहीही झाकलं नाही.

"मग तुझ्या हातात किती राहतात?" बाईंनी विचारलं.

"एक युरो. पण मी कबूल केलंय, बाई."

"गप्प बस. चौथीत असं गणित केलं असतंस तर बाकावर उभी केली असती. येतील त्याचे निम्मे. आणि येतील तेव्हा."

शलाकानं समोरच्या कागदावर लिहिलं, 'येतील त्याचे निम्मे.'

"सून म्हणत होती, पोरीनं फसवलं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "मी तिच्याशी भांडले गं. पण काल रात्री मलाही वाटलं, असेलही खरं."