चांजरम चलवह

ठिणगीच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की आईसुद्धा हात टेकायची. आज शिरला होता पतंग, आणि कारणही तसंच होतं.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर अडगळीची खोली होती. तिथे एका मांजरीनं मुक्काम ठोकला होता. हे गुपित दोघींनाच ठाऊक, ठिणगीला आणि त्या इमारतीत राहणाऱ्या मुंगीला. इमारतीची देखभाल करणारे कुलूपकाका दिसेल त्या दाराला कुलूप ठोकत, म्हणून हे नाव. मांजर सापडलं तर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडीन, असं ते सगळ्यांना बजावत. आणि आज सकाळी आईच्या शिवणाच्या दुकानात ते म्हणाले, "संध्याकाळी अडगळीच्या खोलीला कुलूप घालतोय. महिनाभर कटकट नाही!"

आत मांजरी राहिली तर? 

मुंगीला कांजिण्या झालेल्या, भेटायला बंदी. फोन उचलणार तिची आई. ओरडून सांगावं तर गल्लीभर बोभाटा. पण मुंगी दुपारी गच्चीवर येऊन बसायची, आणि वारा तिच्याच दिशेला वाहत होता. ठिणगीनं ठरवलं, निरोप पतंगावरून जाणार, तोही च-भाषेत. शब्दाचं पहिलं अक्षर शेवटी टाकायचं, त्याच्या जागी च. काना-मात्रा मात्र जागच्या जागी. 'मांजर हलव'चं झालं 'चांजरम चलवह'!

जुन्या चिकाच्या पडद्यातून तिनं बांबूच्या दोन काड्या काढल्या. एक सरळ, उभी. दुसरी पातळ, वाकवून कमान करायची. कमानीची काडी आधी मधोमध बोटावर तोलली. एक टोक झुकलं, ते काचकागदानं घासलं, पुन्हा तोलली. मग दोन्ही काड्या बांधून कडेनं दोरा फिरवला, त्यावर पातळ पांढरा कागद घातला आणि कडा दुमडून खळीनं चिकटवल्या. काड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक आणि खाली एक, अशी भोकं पाडून दोऱ्याची कण्णी बांधली. वरचा दोरा खालच्यापेक्षा किंचित आखूड ठेवला, म्हणजे पतंगाचं डोकं आपल्याकडे झुकतं आणि वारा त्याला उचलतो. काळ्या कागदाची पंज्याएवढी अक्षरं कापून दोन ओळींत चिकटवली. प्रत्येक ओळीत उभ्या काडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, उगाच तोल जायला नको.

ती आपल्या गच्चीवर गेली. कठडा तिच्या गळ्यापर्यंत होता आणि जवळपास विजेची तार नव्हती. पतंग उडाला आणि भोवऱ्यासारखा फिरायला लागला. तिनं कापडाची शेपटी जोडली, गिरक्या थांबल्या. तरी तो डावीकडेच कलत होता. 'चां'वर अनुस्वाराचं ओझं! उजव्या टोकाला चिंधी बांधली, तसा पतंग शहाण्या बाळासारखा ताठ उभा राहिला.

"चांजरम चलवह!" ठिणगीनं ऐटीत वाचलं. आणि तिची जीभ चावली गेली.

आपल्याला वाचता येतंय! पतंगाचं तोंड नेहमी वाऱ्याकडे, म्हणजे उडवणाऱ्याकडे. पलीकडच्या मुंगीला दिसत होती त्याची पाठ, काड्या आणि उलटी अक्षरं. ती बिचारी मान वाकडी करकरून बघत होती.

"वेंधळी कुठली!" ठिणगीनं स्वतःलाच झापलं आणि भराभर दोरा गुंडाळला. खळ अजून ओली होती. अक्षरं अलगद सोडवून तिनं पाठीवर लावली. पण आता 'चां' दुसऱ्या बाजूला गेला होता, मग चिंधीचीही बाजू बदलली.

पतंग पुन्हा चढला, तोवर उन्हं कलली होती. खाली रस्त्यावर कुलूपकाका थबकले. डोळ्यांवर हात धरून, पातळ कागदातून उलटं दिसणारं एकेक अक्षर त्यांनी आरशातलं वाचावं तसं जुळवलं. "चां-ज-र-म? कसलं तरी मलम दिसतंय!" असं पुटपुटत ते किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत इमारतीत शिरले.

मुंगी उभी राहिली. ओठ हलले. मग ती जी पळाली!

ठिणगी दोरा धरून उभी राहिली. मुंगी खोलीत गेली, ती बाहेर येईचना. चल गं, चल! काका वर पोचायच्या आत मुंगी फ्रॉकचा ओचा धरून निघाली आणि पाण्याच्या टाकीमागे दडली. मांजरी तिच्या पायांत घोटाळत मागे गेली. काकांनी दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा हिसडून पाहिलं आणि खाली गेले.

टाकीमागून मुंगी कठड्याशी आली. तोंडभर ठिपके आणि तोंडभर हसू.

"चीनत!" ती ओरडली.

ठिणगीला आधी समजेना. मग उमगलं, तीन! मुंगीनं ओच्यातून डोळे मिटलेलं एक एवढंसं पिल्लू उचलून दाखवलं. मग दुसरं. मग तिसरं.

मांजरी एकवेळ बाहेर राहिली असती. ही पिल्लं आत राहिली असती, एकटी. ठिणगीला एकदम रडू फुटलं आणि ती हसलीही. दोरा मात्र तिनं घट्ट धरून ठेवला होता.