शेवटच्या ओळीत खणा

पाच जणांच्या सामायिक विहिरीत दीड पुरुष खोल पाणी उरलं होतं. पाचही जणांनी पाट बंद करून ठिबक घेतलं तरच टोमॅटो हाती लागणार होते. थोरलीच्या वडिलांनी आपल्या रानात ठिबक आधीच घातलं होतं, म्हणून बाकीच्या चौघांना हे समजावायचं काम त्यांचं. काय बोलायचं ते त्यांनी अंथरुणावरून थोरलीला सांगून लिहून घेतलं, आणि बोलायच्या आधीच ते गेले.

अठराव्या दिवशी चौघं थोरलीच्या रानात जमले, तेव्हा त्यांच्यातले काका म्हणाले, "दादाचं राहिलंय ते तू वाच. आम्ही ऐकतो."

थोरली बांधावर उभी राहून वाचू लागली. ठिबकाची मोटर दोन तासांपासून चालू होती.

"मंडळी, पाटानं पाणी सोडलं की निम्मं तणच पितं. तण काय आपला जावई आहे?"

चौघं हसले. तात्या म्हणाला, "दादाच बोलतोय बघ."

"ठिबकात झाडाच्या बुडाशी ताटलीएवढंच ओलं दिसतं. घाबरू नका. खाली ओल कांद्यासारखी फुगलेली असते. मुळाला पाणीही मिळतं, हवाही मिळते, वाफसा मोडत नाही. माझ्यावर नको, कुदळीवर विश्वास ठेवा. शेवटच्या ओळीत खणा. नाहीतर म्हणाल, म्हाताऱ्यानं नळीच्या तोंडाजवळचं दाखवलं."

सगळे शेवटच्या ओळीकडे गेले. पानं मान टाकून होती. ऊन असेल, असं थोरलीला वाटलं. काकांनी कुदळ मारली. फुफाटा उडाला. आणखी हातभर खणलं, ढेकळं कोरडी ठणठणीत.

"कुठंय कांदा?" तात्यानं विचारलं. यावेळी कुणी हसलं नाही.

थोरलीनं कागद उलटापालटा केला. पुढे काहीच नव्हतं.

"पोरी, तुझा दोष नाही," काका हळूच म्हणाले. "दादाला जमत होतं. आमचं पीक जळायला लागलंय, आम्ही पाट सोडतो."

ते गेले. थोड्या वेळानं शेजारच्या पाटातून पाणी खळाळत निघालं.

थोरली विहिरीवर गेली. मोटर बंद करून ठिबकाच्या गाळणीचं झाकण काढलं, तर आतली जाळी शेवाळानं लिंपलेली. ती धुऊन, परत बसवून, मोटर सुरू करून तिनं शेवटच्या नळीचं बूच काढलं. आधी तांबडा गाळ आला, मग चहासारखं पाणी, मग स्वच्छ.

रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी वडील कुठे जायचे, हे तिला आत्ता आठवलं. दर आठवड्याला नळ्यांची बुचंही तेच काढायचे. कागदावर त्यातलं काही नव्हतं. जे हात आपोआप करतात, ते सांगायचं असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं.

तिनं कागदाखाली लिहिलं : रोज गाळणी धुवा. आठवड्याला बुचं काढून नळ्या धुऊन काढा.

मग परत येऊन ती विहिरीत डोकावली. पाण्याच्या वर ओल्या दगडाची एक नवी पट्टी दिसत होती, आणि पाहता पाहता ती रुंद होत होती.