आप्पासाहेब सुटले

अपेक्षाच्या बोटांना संगणकावर कधी अडखळायची सवयच नव्हती. बीड बायपासला लागून असलेल्या सातारा परिसरातल्या ग्रामोदय विद्यालयाच्या ऑफिसात ती क्लार्क होती, पाचोडहून शिकायला आली आणि इथंच लागली. लागली म्हणजे हंगामी. दर जूनला नवा आदेश, दर एप्रिलला तोच धसका. मागच्या वर्षी शहराचं नाव बदललं तेव्हा शाळेच्या सगळ्या परिपत्रकांतून जुनं नाव काढून नवं घालायचं काम तिनं इतकं चोख केलं होतं की मुख्याध्यापिका उमा मॅडमनी परिपाठाच्या वेळी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. तेव्हापासून अपेक्षाची मान जरा ताठच होती.

म्हणूनच संस्थेचं नाव बदलायचा आदेश धर्मादाय कार्यालयातून आला, तेव्हा सेक्रेटरी ऋतुराज सर थेट तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"ग्रामोदय शिक्षण प्रसारक मंडळ संपलं. आजपासून आप्पासाहेब वाकळे शिक्षण प्रतिष्ठान. रविवारी समारंभ आहे, पाव्हणे लई मोठे येणार. त्याच्या आत एकेक कागद नवा पाहिजे."

"होतंय की सर."

"बिनचूक कर. तुझी कायम करायची फाईल रविवारीच आप्पांसमोर ठेवतो. चूक झाली तर मात्र जूनमध्ये दुसरी मुलगी बघावी लागंल."

आप्पासाहेब म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, ऋतुराज सरांचे सख्खे चुलते. सत्त्याऐंशी वर्षांचे. शाळेची पहिली खोली बांधताना त्यांनी स्वतः डोक्यावरून विटा वाहिल्या, असं जुने पालक सांगत. महिनाभरापूर्वी दम लागून दवाखान्यात होते. घरी आले, पण तेव्हापासून कुणी त्यांचं नाव घेतलं की ऐकणारा आधी एक सुस्कारा टाकायचा.

अपेक्षा कामाला बसली. चारशेच्या वर परिपत्रकं होती: सहलीची, गणवेशाची, पालकसभेची, परीक्षेची, कुत्रा चावल्यास काय करावे याचीसुद्धा. सगळी एका फोल्डरमध्ये टाकून आधी तिनं त्याची एक प्रत 'जुने' नावानं बाजूला ठेवली. मग मॅक्रो चालवला, म्हणजे संगणक एकेक फाईल आपणच उघडणार, नाव बदलणार, बंद करणार. ती हुशारही होती. नुसतं 'मंडळ' शोधून बदललं तर दहावीचं परीक्षा मंडळसुद्धा आप्पासाहेबांचं प्रतिष्ठान होऊन बसेल हे तिच्या आधीच लक्षात आलं, म्हणून तिनं पूर्ण नावच शोधायला दिलं. 'मंडळाचे'चं 'प्रतिष्ठानाचे' आपोआप झालं, काना कुठं लोंबकळला नाही. तिनं बसल्या बसल्या स्वतःचीच पाठ थोपटली.

पण मग उरला सुटा शब्द. ग्रामोदय.

"सर, शाळेचं नाव तर ग्रामोदय विद्यालयच आहे ना? ते कुठं बदललंय?"

"ते बी करून घेऊ पुढं. मला ग्रामोदय हा शब्द रविवारी कुठंच दिसायला नको. काढून टाक आणि आप्पासाहेब घाल."

"सगळीकडं?"

"मराठीत सांगितलं ना?"

तिनं घातलं. सगळीकडं. मोबाईल ॲपवरून पालकांना जाणारे तयार मेसेज एका एक्सेलच्या पानावर होते, ते उतरवून घेतलं, 'सर्व बदला' दाबलं, परत चढवलं. संगणकानं नम्रपणे सांगितलं, बदल पूर्ण झाले. ती खुशीत मालनबाईंना म्हणाली, "मावशी, चहा टाका. आपण कायम झालो समजा."

मालनबाई शाळेच्या सेविका. त्या म्हणाल्या, "टाकते की, पाणी कुठंय?"

पाणी नव्हतंच. त्या वर्षी पाऊस गाव चुकून गेल्यासारखा गेला होता आणि शहर मात्र बीड बायपासच्या दोन्ही बाजूंनी फुगत चाललं होतं. नवे फ्लॅट, नवे मॉल, नव्या शाळा, आणि सगळ्यांच्या दारात तोच एक टँकर. शाळेच्या टाकीचा तळ सकाळीच खरवडून झाला होता. दुपार झाली तरी टँकर नाही. पाचवीची मुलं नळाला तोंड लावून हवा ओढायला लागली, तेव्हा उमा मॅडम ऑफिसच्या दारात आल्या.

"अपेक्षा, शाळा सोडतेय. पाण्याचा मेसेज टाक सगळ्यांना."

ॲपमध्ये तयार मेसेजांची नुसती शीर्षकं दिसत. 'पाणी-सुट्टी' हे शीर्षक तिला पाठ होतं, त्या हंगामात ते किती वेळा दाबलं होतं. दाबलं. सर्व पालक, सर्व शिक्षक, सर्व विश्वस्त. गेला.

घंटा झाली, मुलं ओरडत बाहेर पडली, आणि फोन वाजला. ऋतुराज सर. ते समारंभाच्या पाव्हण्यांची सोय बघायला वेरूळला गेले होते, आता परतीच्या वाटेवर होते. आवाज जड होता.

"कळलं मला. निघालोच आहे. तू एक कर. आता सगळ्या कागदांवर नावाच्या आधी स्वर्गीय लाव."

"म्हणजे... सर, आप्पा?"

"हो ना. रविवारचा समारंभ आता श्रद्धांजलीचा करावा लागंल. बॅनरवाल्याला मी सांगतो. तू टायपिंग उरक."

फोन बंद झाला. आप्पा गेले. गेल्याच आठवड्यात ऑफिसात येऊन तिच्या खुर्चीचं मोडकं चाक काठीनं ठोकून बघत म्हणाले होते, "पोरी, तुझी बी खुर्ची माझ्यासारखीच झाली, बसली की कुरकुर." तिला रडू फुटलं. रडता रडता तिनं मॅक्रो उघडला आणि शोधायच्या जागी आप्पासाहेब, घालायच्या जागी स्वर्गीय आप्पासाहेब असं टाईप केलं. फाईली सरसर बदलू लागल्या. स्वर्गीय आप्पासाहेब सहल. स्वर्गीय आप्पासाहेब गणवेश.

तेवढ्यात तिचा मोबाईल थरथरायला लागला आणि थांबेचना. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. मग कुणीतरी लिहिलं, शेवटी घोटभर पाणीसुद्धा मिळालं नाही, काय हे दिवस. फाटकाशी गर्दी जमली होती. पोरांना न्यायला आलेल्या आया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि देवगाव रंगारीहून नातवाकडं राहायला आलेले एक आजोबा टोपी काढून हातात धरून बसले होते.

मालनबाई धावत आल्या. "अगं, लोकं म्हणत्यात शाळेनंच मेसेज टाकला. कवा टाकला?"

"मी तर पाण्याचा टाकला होता," अपेक्षा म्हणाली.

तिनं पाठवलेला मेसेज उघडला. मूळ वाक्य तिला झोपेतही आलं असतं: आज दुपारी ग्रामोदय सुटले. पाणी मिळाले नाही. पालकांनी तातडीने शाळेत यावे. आता पडद्यावर होतं:

आज दुपारी आप्पासाहेब सुटले. पाणी मिळाले नाही. पालकांनी तातडीने शाळेत यावे.

एक काना नाही, एक मात्रा नाही, काहीसुद्धा मोडलेलं दिसत नव्हतं. शाळा सुटते तशी माणसंही सुटतात, म्हाताऱ्या, थकल्या माणसांबद्दल लोक असंच तर बोलतात. चारशे कागदांत हा एकच असा मोडला होता, की मोडल्यावर जास्तच सरळ झाला होता.

"मावशी," ती कुजबुजली, "आप्पांना मीच मारलं."

"काय बोलतीस?"

"मग ऋतुराज सर का म्हणाले, कळलं मला? त्यांना कुठून कळलं? माझ्याच मेसेजवरून. आणि मला खरं वाटलं ते त्यांच्यावरून."

मालनबाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि नेमका तेव्हाच फाटकाशी हॉर्न वाजला. टँकर आला होता. गर्दीनं त्याला वाट दिली. टँकरच्या केबिनचं दार उघडलं, आधी एक काठी बाहेर आली, मग धोतराचा सोगा, आणि मग स्वतः आप्पासाहेब वाकळे, घामाघूम, चिडलेले.

देवगावच्या आजोबांच्या हातातली टोपी खाली पडली. एका बाईनं लेकराला मागं ओढलं.

"काय झालं?" आप्पा म्हणाले. "कुणाचं काय झालं? एवढी माणसं कशी गोळा झाली?"

आजोबा अखेर धीर करून म्हणाले, "तुमचंच झालंय, आप्पा."

आप्पा ऑफिसात आले तेव्हा अपेक्षा झटकन उठून उभी राहिली. पडद्यावर 'स्वर्गीय' चालूच होतं. मॅक्रो थांबवायचंही तिला सुचलं नव्हतं. आप्पांनी चष्मा पुसून वाचलं. मग मेसेज मागितला, तोही वाचला.

"हे कुणी केलं?"

सगळं सरांवर ढकलायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण फाईल आठवली, रविवार आठवला. "मी केलं आप्पा. सांगितलं सरांनी, पण मेसेज पाठवायच्या आधी मीच वाचला नाही."

आप्पा काही बोलणार, एवढ्यात दारात ऋतुराज सर उभे दिसले, पांढऱ्या कुडत्यात, हातात झेंडूचा भलामोठा हार घेऊन. तो हार त्यांच्या हातातच राहिला.

"ये," आप्पा म्हणाले. "हार आणलास. बरं केलंस. घरी फोन केलता का?"

"काका... मेसेज शाळेकडूनच आला ना, म्हणून..."

"घरी. फोन. केलता का? मी टँकरवाल्याच्या दारात बसून होतो सकाळपासून, फोन खिशात होता. एकदा बी वाजला नाय. हारवाल्याला मात्र लागला व्हय तुझा?"

ऋतुराज सरांनी हार टेबलावर ठेवला. कीबोर्डवर झेंडूच्या पाकळ्या सांडल्या.

आप्पा खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली. त्यांनी मेसेज पुन्हा वाचला. काठी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि अपेक्षाला पहिल्यांदाच दिसलं की ते रागावलेले नाहीत, घाबरलेत.

"पाणी मिळाले नाही," ते हळूच म्हणाले. "खरं बी वाटलं लोकांना." मग मान वर करून, "पोरी, लोकं म्हणायची, आप्पा, शाळेनं तुमचं नाव काढलं. आता तू खरोखर काढ. धर्मादायच्या कागदावर काय राहायचं ते राहू दे. शाळेत ग्रामोदयच पाहिजे. परत येतंय का ते?"

"येतंय. 'जुने' म्हणून ठेवलंय मी बाजूला. त्यातून मंडळाचं तेवढं बदलते, शाळेच्या नावाला हात लावत नाही."

"बघ ऋतुराज. हिनं जुनं जपून ठेवलं. हिची फाईल कुठंय?"

"रविवारी ठेवणारच होतो, काका."

"रविवारची वाट कशाला? माझा काय भरवसा, सकाळी जिवंत, दुपारी मेसेज. आत्ता आण."

फाईल आली. आप्पांनी सही केली, वाकडीतिकडी, पण स्वतःच्या हातानं. मग म्हणाले, "आता लोकांना खरं कळव."

अपेक्षानं टाईप केलं: आप्पासाहेब शाळेत आले आहेत. पाणी मिळाले. आधीच्या मेसेजबद्दल क्षमस्व. या वेळी तिनं मोठ्यानं वाचलं, मालनबाईंना वाचायला लावलं, स्वतः आप्पांना वाचायला लावलं. तिघांनाही त्यात कुठं मरण सापडलं नाही. मगच तिनं बटण दाबलं.

बाहेर टँकरचा पाईप टाकीत सोडला होता, पाण्याचा आवाज येत होता. मोबाईल थरथरला. पहिलं उत्तर संस्थेच्या एका विश्वस्ताचं होतं. आप्पांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

अपेक्षानं फोन पालथा घातला, पण त्यांनी ओढून घेतलाच.

भावपूर्ण श्रद्धांजली, असं लिहिलं होतं.