नानांची टेस्ट

नाना चौबळांना दुसऱ्याची चूक दिसली की भूक लागते, असं त्यांची बायको प्रेमा म्हणायची. भांडुपला स्टेशनजवळ त्यांचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांत, बारशी, मंडळांचे अहवाल, सगळं तिथे टाइप व्हायचं. पण नानांचा खरा धंदा वेगळाच. गोरेगावपासून मुलुंडपर्यंत कुठेही मोडक्या मराठीची पाटी दिसली की ते रस्त्यातच उभे राहून फोटो काढायचे आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर टाकायचे. वर मथळा ठरलेला: 'आजचा नमुना'. खाली दहा जण हसायचे, की नानांचा दिवस सार्थकी लागायचा.

तर अशा या गृहस्थांनी नवा कॉम्प्युटर घेतला. जुना इतका म्हातारा झाला होता की एक पान उघडेपर्यंत चहा निवायचा. नव्यावर फॉन्ट चढवले, मराठी कीबोर्ड घातला, डिझाइनचं सॉफ्टवेअरही नवीन आवृत्तीचं टाकलं. मग टेस्ट.

नानांची टेस्ट म्हणजे एकच. नवं पेन घेतलं तर, नवा फॉन्ट आला तर, कुणाचा मोबाइल हातात पडला तरी ते एकच शब्द लिहायचे: 'नाना'. तसं खरं नाव दत्तात्रय, पण ते बँकेच्या पासबुकाशिवाय कुणाला आठवत नव्हतं. नव्या सॉफ्टवेअरमध्येही त्यांनी ठळक टायपात 'नाना' उमटवलं. सुंदर आलं. दुसऱ्या फॉन्टमध्ये टाकलं. तेही सुंदर.

"झकास," नाना म्हणाले. "मराठी एकदम ओके."

योग असा की त्याच आठवड्यात त्यांच्या लेकीची, रश्मीची, लग्नपत्रिका छापायला जायची होती. पत्रिका जुन्या कॉम्प्युटरवरच तयार होती आणि नानांनी ती शिस्तीत 'कर्व्ह' करून ठेवली होती. म्हणजे अक्षरांची चित्रं करून टाकली होती. एकदा तसं केलं की छापखान्यात फॉन्ट असो नसो, अक्षर हलत नाही. पेनड्राइव्ह घ्यायचा आणि साकीनाक्याच्या छापखान्यात द्यायचा, इतकंच काम उरलं होतं.

तेवढ्यात रश्मीने पत्रिका वाचली.

"नाना, निहारच्या आईचं नाव कुठेय?"

निहार चार वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. आईने, अस्मिताबाईंनी, मुलुंडला एकटीने नोकरी करून त्याला वाढवलं. आणि पत्रिकेत काय, तर 'कै. विजय पाटणकर यांचे सुपुत्र'. बस. नानांच्या मनात काही वाईट नव्हतं. वीस वर्षं जो साचा होता त्यात वडिलांच्या नावालाच जागा होती, आणि नाना साचा बघून माणसं बसवत होते.

"ज्या बाईने वाढवलं ती नाही पत्रिकेत?" रश्मी म्हणाली. "मी त्यांना काय तोंड दाखवू?"

नाना वरमले. लगेच नव्या कॉम्प्युटरवर पत्रिका उघडली, एक ओळ वर सरकवली आणि खाली सोनेरी रंगात टाइप केलं: श्रीमती अस्मिता पाटणकर. ओळ मधोमध बसली का, ते लांबून पाहिलं. बसली होती. वाचायचं काय त्यात? स्वतःच टाइप केलेलं आणि स्वतःच टेस्ट केलेल्या मशीनवर. छापखान्याने मोबाइलवर नमुना पाठवला, तर नानांनी रस्ता ओलांडता ओलांडता अंगठा दाखवला.

पत्रिका आल्या. पहिली देवापुढे ठेवली. दुसरी विहीणबाईंना स्वतः नेऊन द्यायची, म्हणून नाना आणि प्रेमा पेढे घेऊन मुलुंडला गेले. नाना म्हणाले, "बघा, तुमचं नाव सोन्यात घातलंय."

अस्मिताबाईंनी चष्मा लावला. पत्रिका वाचत वाचत खाली आल्या आणि थांबल्या. थांबल्या त्या थांबल्याच. मग प्रेमाने वाकून पाहिलं, आणि शेवटी नानांनी.

सबंध पत्रिका मोत्यासारखी आणि नेमकी तीच ओळ मोडलेली. 'श्री' मधल्या श चा पाय मोडून र बाजूला उभा. 'अस्मिता' मध्ये स एकटा लंगडत होता, आणि पहिली वेलांटी म ला सोडून त ला जाऊन चिकटली होती. 'आजचा नमुना' म्हणून टाकावं तर वर्षभरात असा मिळाला नसता.

"राहू द्या हो नाना," अस्मिताबाई म्हणाल्या. "आधी तर नव्हतंच ना नाव. रश्मी बोलली मला. नंतर का होईना, घातलंत."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या समजूतदारपणे बोलल्या आणि नानांना वाटलं, सोफ्यासकट जमिनीत जावं. या बाईला वाटणार, मुलीच्या हट्टापायी नाव घातलं आणि घालताना बघितलंसुद्धा नाही. आणि त्यात खोटं तरी काय होतं?

"ही पत्रिका तुमच्यासाठी नाही," नाना म्हणाले. "तुमची अजून छापायचीय. मी घेऊन येतो."

पेढे तिथे राहिले, पत्रिका परत आली.

दुकानात येऊन नाना नव्या कॉम्प्युटरपुढे बसले. 'नाना' टाइप केलं. सुंदर. 'श्रीमती' टाइप केलं. वाट लागली. वाक्यच्या वाक्य टाकलं. जिथे जोडाक्षर, जिथे पहिली वेलांटी, तिथे मोडतोड. तेच वाक्य ब्राउझरमध्ये टाकलं तर ठणठणीत. म्हणजे फॉन्ट निर्दोष, कीबोर्ड निर्दोष. दुखणं डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये.

शोधता शोधता सेटिंग सापडलं. भारतीय लिप्यांची अक्षरं जोडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती चालू करावी लागते. जुन्या कॉम्प्युटरवर नानांनीच कधीतरी केली होती आणि विसरले होते. नव्यावर सगळं कोरं, इंग्रजीपुरतं. त्यांनी सोय चालू केली आणि ओळ नव्याने टाइप केली. श आणि र गळ्यात गळा घालून आले. वेलांटी मुकाट म च्या आधी जाऊन बसली.

नानांनी मोडक्या पत्रिकेचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. 'आजचा नमुना. कारागीर: नाना चौबळ.' हसायला या वेळी दहाचे चाळीस आले. नानाही हसले.

"मला एक कळत नाही," ते प्रेमाला म्हणाले. ती बाजूच्या स्टुलावर बसून पत्रिका पुन्हा पहिल्यापासून वाचत होती, एकेक शब्दावर बोट ठेवून. "मी टेस्ट केली होती गं. तिथेच, त्याच सॉफ्टवेअरमध्ये."

"काय टाइप केलं होतंत?"

"नाना."

"त्यात ना जोडाक्षर, ना पहिली वेलांटी. ते कुठेही येणारच सरळ." प्रेमाने पत्रिकेवरचं बोट उचललं नाही. "जरा बंद करा बघू ते मघाचं सेटिंग. आणि माझं नाव टाका."

नानांनी सेटिंग बंद केलं आणि टाइप केलं. पहिल्याच अक्षराला प चा पाय मोडला आणि र बाजूला जाऊन पडला.

"एकतीस वर्षं झाली आपल्या लग्नाला," प्रेमा म्हणाली. "इतके कॉम्प्युटर झाले. एकदा जरी माझं नाव टाकून बघितलं असतंत ना अहो, तर आज विहीणबाईंपुढे मान खाली गेली नसती."

नानांनी सेटिंग पुन्हा चालू केलं. मग कोऱ्या पानावर, सगळ्यात मोठ्या टायपात, सावकाश टाइप केलं: प्रेमा. आणि या वेळी जवळ जाऊन, चष्मा लावून, वाचलं.