तीस बिघे

यज्ञेश्वरपंत मोजणीदार म्हणजे पेशव्यांच्या पुण्यातला सरळ माणूस, आणि सरळ माणसाचे गुडघे लवकर जातात म्हणतात, तसे त्यांचेही गेले होते. वैशाखातल्या टळटळीत दुपारी ते ओढ्यापलीकडच्या पेठेत, तळ्याच्या काठावर बसले होते. समोर अमिनाबी आपल्या घराची भिंत रचत होती. भिंत कमरेएवढी झाली होती, आणि ती उभी होती तळ्याच्या पोटात.

तळं आता काठाकडून आटलं होतं, त्यामुळे ते पोट वाटत नव्हतं. भेगाळलेली जमीन, छान सपाट. कुणालाही वाटावं, घर बांधायला याहून चांगली जागा कुठली?

पण पाण्याची खूण लपत नाही. जुन्या पायऱ्यांच्या दगडांवर वाळक्या शेवाळाची रेघ होती, अमिनाबीच्या डोक्याच्याही वर. भाद्रपदात पाणी तिथवर यायचं.

अमिनाबी कागद करणाऱ्यांच्या घरातली. ओढ्याचं पात्र वळवलं तेव्हा तिचं घर गेलं, आणखी पस्तीस घरंही गेली. माघापासून दोन नातवंडांना घेऊन ती चिंचेखाली राहत होती. हुकूम निघाला: पेठ तीस बिघ्यांची आहे, चौऱ्याऐंशी घरं वसलीत, बिघ्याला चार घरं या हिशेबाने छत्तिसांना अजून जागा आहे.

ते तीस बिघे यज्ञेश्वरपंतांनीच मोजलेले. बारा वर्षांपूर्वी.

चुकले होते का? अहो, कुठले चुकायला! समोरासमोरच्या बाजू मिळवून निम्मं केलं, एकीकडे मोजणीच्या एकशे वीस काठ्या आल्या, दुसरीकडे शंभर. गुणाकार बारा हजार, आणि चारशे चौरस काठ्यांचा एक बिघा. तीस. शेजारच्या गावाशी शिवेचा तंटा होता, तळं कुणाचं ते ठरवायचं होतं, म्हणून तळं आत धरून शीव मोजली. पाण्यावर काठी ठेवता येत नाही, पण शिवेच्या आत जे आलं ते पेठेचं. तेव्हा विचारलं होतं, पेठ केवढी. आता विचारत होते, जागा किती. आणि दोन्ही प्रश्नांना दप्तरातून एकच कागद काढत होते.

सकाळी चावडीवर कारभारी अनंतरावांना त्यांनी हेच सांगितलं होतं. तळं नऊ बिघ्यांचं. तिसातून नऊ गेले, राहिले एकवीस, आणि एकवीस बिघ्यांत चौऱ्याऐंशी घरं खचाखच बसलेली. रिकामी जागा काही नाही.

"पंत," अनंतराव पान जमवत म्हणाले, "मी काल जाऊन आलो. पाणी सहा बिघ्यांत आहे. तीन बिघे कोरडे ठणठणीत. निदान बारा घरं वसवून टाकू. तळं सहाचंच लिहा."

"वैशाखात सहाचं."

"मग वैशाखातच लिहा ना."

"तळं भरल्या रेघेपासून मोजायचं असतं, अनंतराव. उन्हाळ्यात मोजलं तर घरं उन्हाळ्यापुरतीच होतात."

"म्हणजे तुमचा जुना आकडा खोटा म्हणायचा?"

"दोन्ही खरे आहेत. शेजारी शेजारी लिहा. पाण्यासकट तीस, पाण्यावाचून एकवीस."

अनंतरावांनी पान तोंडात टाकलं. "लिहितो. सांगायला मात्र हा उठवायचा हुकूम घेऊन तुम्हीच जा. आकडा तुमचा आहे."

म्हणून पंत इथे बसले होते, आणि त्यांच्याच्याने तोंड उघडवत नव्हतं. आयुष्यभर काठी टाकली, पण इतका शीण कधी आला नव्हता. खरं बोलायचा कंटाळा येतो माणसाला, हे त्यांना साठीत कळत होतं.

शेवटी त्यांनी सांगितलं. शेवाळाची रेघ दाखवली. अमिनाबीने हातातला दगड खाली ठेवला नाही, तसाच धरून ऐकलं.

"पण कागदात माझं नाव आहे, पंत. तीस बिघ्यांत."

"आहे."

"मग माझ्या वाटची जागा कुठेय?"

पंतांनी तळ्याकडे हात केला.

तिने शेवाळाची रेघ पुन्हा पाहिली. मग विचारलं, "पाणी कधी चढतं इथवर?"

"आषाढात पायाशी येतं. श्रावणात घरात."

तिने बोटांवर मोजलं. "दीड-दोन महिने. तोवर तरी राहू द्या. पोरांच्या डोक्यावर दोन महिने छप्पर झालं, तेवढंच."

नको म्हणायला हवं होतं. उठवायचा हुकूम त्यांच्याच कमरेला खोचलेला होता. पण बारा वर्षांपूर्वी तीस लिहिताना त्यांना इतकं बरं वाटलं होतं, तळं पेठेचं झालं म्हणून!

"राहा," ते म्हणाले.

मग त्यांनी काठी घेतली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि रेघेच्या वर, चिंचेशेजारी, पावसाळ्यात तिला आणि पोरांना आडवं होता येईल एवढी जागा कुठे उरते का ते मोजायला लागले.